पाटीवर वय नको

सकाळी सात वाजता इमारतीच्या फाटकाशी शेजारीण विचारते, "कुठे निघालात एवढ्या सकाळी?" या प्रश्नाला अडुसष्ट वर्षांच्या बाईंना चारचौघांत मोकळेपणानं जे उत्तर देता येतं, ते व्यायामवर्गाचं चांगलं नाव. ज्या नावापाशी त्या क्षणभर अडखळतात आणि "इथेच, कोपऱ्यापर्यंत" असं म्हणून पुढे होतात, ते नाव चुकलेलं. पाटी रंगवणारा, जाहिरात करणारा, पैसे घालणारा यांच्यापैकी कुणीही नावाची परीक्षा घेत नाही. ती फाटकाशी होते आणि रोज होते.

जाहिरातींचा आणि पाट्यांचा मराठी मजकूर लिहिण्यात माझी बरीच वर्षं गेली. मैत्रिणीची मुलगी फिजिओथेरपिस्ट आहे. रुग्णालयातली नोकरी सोडून तिनं पुण्यात कर्वेनगरला तळमजल्यावरचा एक हॉल भाड्यानं घेतला. बारा खुर्च्या, भिंतीला धरायला लाकडी दांडा, जमिनीवर न घसरणारी चटई. साठीच्या पुढच्यांसाठी सौम्य व्यायामाचे तास घ्यायचे, उपचार करायचे नाहीत, एवढं तिचं पक्कं होतं. नाव तिनं आधीच कागदावर लिहून आणलं होतं : "आधार सीनियर वेलनेस सेंटर".

सरावाच्या पहिल्या आठवड्यात आठ जण येत होते, वयं बासष्टपासून एक्याऐंशीपर्यंत. आम्ही ते नाव त्यांना वाचून दाखवलं. वाईट कुणीच म्हणालं नाही. बँकेतून निवृत्त झालेल्या सहासष्ट वर्षांच्या एक बाई म्हणाल्या, "छान आहे. माझ्या सासूबाईंना सांगते." सासूबाई नव्वदीच्या. या बाई स्वतः रोज येत होत्या, व्यायाम त्यांना आवडत होता, तरी त्या नावात त्यांना स्वतःसाठी जागा दिसली नाही. बाकीच्या सात जणांनीही थोड्याफार फरकानं तेच सांगितलं. ते नाव प्रत्येकाला आपल्यापेक्षा मोठ्या कुणाचं तरी वाटत होतं. मग आम्ही कागद कोरा करून पहिल्यापासून सुरुवात केली.

तीन शब्द, तिन्ही मानाचे

आधी वाटलं, चूक "सीनियर" या शब्दाची असेल, त्याऐवजी आदराचा मराठी शब्द घेऊ. पण वयासाठी आपल्याकडे असलेले शब्द उलगडून पाहिले, तर त्यांच्यात आदर कधीच कमी नव्हता. "म्हातारा" हा शब्द संस्कृतातल्या "महत्तर"वरून आला, म्हणजे अधिक मोठा, अधिक मान असलेला. "वृद्ध" हा वाढणे या अर्थाच्या "वृध्" धातूचा शब्द. तोच धातू "वृद्धी"त आहे, आणि बँकेतल्या ठेवीची वृद्धी झाली तर कुणाला वाईट वाटत नाही. "ज्येष्ठ" तर त्याहून पुढचा. पाणिनीच्या व्याकरणात हे रूप दोन शब्दांपासून साधतं, एक "वृद्ध" आणि दुसरा "प्रशस्य", म्हणजे प्रशंसेला योग्य. सर्वांत वयस्क आणि सर्वांत प्रशंसनीय असे दोन्ही अर्थ त्या एका शब्दात राहतात.

तरीही आज "म्हातारा" तोंडावर म्हणता येत नाही. "वृद्ध" म्हटलं की पुढे "आश्रम" ऐकू येतं. "ज्येष्ठ नागरिक" हा शब्द बसमधल्या राखीव आसनावर आणि सवलतीच्या अर्जावर इतकी वर्षं आहे, की त्यातून प्रशंसा निघून गेली आणि पात्रता तेवढी उरली. शब्द ज्या जागी वावरतो तिथली धूळ त्याच्यावर बसते. म्हणून जुना शब्द टाकून नवा सन्मानाचा शब्द आणला, की तोही काही वर्षांत त्याच जागी जाऊन बसतो. वयाचं नाव बदलून हा प्रश्न सुटत नाही. तो सुटायचा असेल तर पाटीवर वयाचं विशेषणच असू नये.

इंग्रजी वाटेनं जाणाऱ्यांना "सिल्व्हर" हा शब्द सोयीचा वाटतो. त्या भाषेत पांढऱ्या केसांना चांदी म्हणण्याची रीत आहे. मराठीत केस पिकतात. पिकल्यापुढे पानाची आठवण येते आणि पिकल्या पानाचं पुढे काय होतं हे सांगावं लागत नाही. "चांदी" घ्यावी तर आपल्याकडे चांदी होते ती व्यापाऱ्याची, आणि "रुपेरी" म्हटलं की सिनेमाचा पडदा दिसतो. एका भाषेतली उपमा दुसरीत अशी उचलून ठेवता येत नाही.

नाव कुणाशी बोलतंय?

"आधार" या शब्दाची अडचण वेगळी आहे. आधार, सावली, छाया, विसावा, निवारा, स्नेह, माया ही नावं प्रेमानंच ठेवलेली असतात. पण नीट ऐकलं तर ती आईवडिलांशी बोलत नाहीत, त्यांच्या मुलांशी बोलतात. फी बऱ्याचदा मुलगा किंवा मुलगी भरते. कधी ती दुसऱ्या शहरात असते, कधी परदेशात. "आई एकटी आहे, तिची कुणीतरी काळजी घेईल" हा दिलासा या नावांत असतो. दिलासा खरा आहे. पण तो ज्यांच्याबद्दल आहे, त्यांनीच ते नाव रोज उच्चारायचं असतं. "मी आधारला जाऊन येते" असं म्हणणाऱ्या बाई न बोलता हेही सांगतात, की मला आधार लागतो. "विसावा"त तर कामाचाच विरोध आहे. जिथे घाम यायला हवा, पोटऱ्या ताणल्या जायला हव्यात, तिथे शिरतानाच नाव बसायला सांगतं.

मावळतीच्या प्रतिमाही अशाच. सांजवेळ, सायंकाळ, संध्या हे शब्द कानाला गोड आहेत, पण मराठी नाटक पाहिलेल्या पिढीला "संध्याछाया" म्हटलं की जयवंत दळवींचं एकाकी वृद्ध जोडपं आठवतं. नाव ठेवणारी मुलगी तिशीतली असते, तिला ही आठवण नसते. पाटी वाचणाऱ्यांना असते. उमेद, उभारी, नवी पालवी हे उत्साहाचे शब्दसुद्धा जपून घ्यावेत. उभारी खचलेल्याला देतात. आठातले बहुतेक जण खचलेले नव्हते, त्यांचे गुडघे थोडे कुरकुरत होते.

नात्याचे शब्द सगळ्यांत फसवे. "आजी-आजोबा" नावात आलं की ऐकणाऱ्याला गोड वाटतं. पण साठीतल्या प्रत्येकाला नातवंडं नसतात. कुणी लग्न केलेलं नसतं, कुणाला मूल नसतं, आणि एकसष्टीच्या कित्येक बायका घरी अजून सूनबाई असतात, कारण सासूबाई हयात असतात. तरी हाच शब्द योग्य जागी किती छान शोभतो, याचं उदाहरण महाराष्ट्रातच आहे. ठाणे जिल्ह्यात मुरबाड तालुक्यातल्या फांगणे गावी ८ मार्च २०१६ रोजी "आजीबाईंची शाळा" सुरू झाली. गुलाबी साड्या नेसून, पाटी-दप्तर घेऊन साठीच्या पुढच्या बायका तिथे अक्षरं शिकायला येऊ लागल्या. एवढ्याशा गावात त्या खरोखरच सगळ्यांच्या आजी आहेत, म्हणून तिथे नातं उसनं वाटत नाही. शिवाय त्या नावाचं वजन दुसऱ्या शब्दावर आहे. शाळा ही शिकणाऱ्याची जागा. शहरात अनोळखी माणसांनी फी भरून यायच्या हॉलवर तोच शब्द लावला, की ते सलगी दाखवणं होतं.

दवाखान्याचा वास

"वेलनेस सेंटर" मैत्रिणीच्या मुलीला साधं वाटत होतं. रुग्णालयात वाढलेल्या कानाला ते तसंच वाटणार. पण "केंद्र" म्हटलं की आपल्याकडे प्राथमिक आरोग्य केंद्र आठवतं, आणि "थेरपी", "रिहॅब", "क्लिनिक" हे शब्द माणसाला थेट केसपेपरच्या रांगेत उभं करतात. मराठी-संस्कृत शब्दांनीही वास जात नाही. संजीवनी, धन्वंतरी, निरामय, आरोग्यम ही नावं औषधाच्या दुकानांनी आणि रुग्णालयांनी इतकी वापरली आहेत, की पाटी वाचणारा आत इंजेक्शन मिळतं का एवढंच विचारेल.

वैद्यकीय नावाचा तोटा दोन बाजूंनी होतो. ज्याला काही दुखत नाही तो आत येत नाही, कारण त्याला वाटतं ही जागा आजाऱ्यांची. याच माणसानं यायला हवं, तोल आणि पायांतली ताकद जायच्या आधी. दुसरीकडे, ज्याला खूप दुखतं तो बरं व्हायला येतो. महिनाभरानं गुडघा तसाच राहिला की तो फसवणूक झाल्यासारखा बोलतो, आणि त्यात त्याची चूक नसते. नावानं त्याला तेच सांगितलेलं असतं. व्यायामाच्या तासाला उपचाराचं नाव देणं हे असं दोन्ही माणसांना चुकीची दिशा दाखवणं आहे.

ही सीमारेषा कायद्याच्या कागदावरही आहे. ट्रेडमार्कसाठी अर्ज करताना आपली सेवा कोणत्या वर्गात मोडते ते लिहावं लागतं. शिक्षण, प्रशिक्षण, क्रीडा आणि सांस्कृतिक उपक्रम ४१व्या वर्गात येतात, वैद्यकीय सेवा ४४व्या वर्गात. मैत्रिणीच्या मुलीला मी विचारलं, "तुझा तास कोणत्या वर्गातला?" तिनं लगेच सांगितलं, "एकेचाळीस. मी इथे शिकवते." त्या उत्तरानं अर्धी यादी आपोआप गळाली.

म्हणजे वैद्यकीय काळजी सोडायची असं नाही, तिची जागा आत आहे. पहिल्या दिवशी भरायच्या फॉर्मवर रक्तदाब, सांध्याची शस्त्रक्रिया, चक्कर, मागच्या वर्षभरात पडणं झालं का, हे सगळं विचारायलाच हवं. गरज असेल तिथे डॉक्टरांची चिठ्ठी मागायला हवी. पण ते शिकवणारी आणि शिकणारा यांच्यातलं आहे, रस्त्यावरून जाणाऱ्यांना ते वाचायची गरज नाही.

कृतीवरून नाव

मग नाव कशावरून ठेवायचं? एक वाट आपल्या डोळ्यांसमोर आहे. १९९५च्या मार्चमध्ये मुंबईतल्या एका बागेत डॉ. मदन कटारिया यांनी चार-पाच जणांना घेऊन हसण्याचा व्यायाम सुरू केला आणि त्याला नाव दिलं लाफ्टर क्लब. आज गावोगावच्या बागांत सकाळी हास्यक्लब भरतात. तिथे येणाऱ्यांत बहुतेक जण साठीच्या पुढचे असतात, पण नावात वयाचा उल्लेख नाही, आजाराचाही नाही. तिथे काय करतात तेवढंच नाव सांगतं. म्हणून निवृत्त न्यायाधीशांनाही "हास्यक्लबला चाललोय" असं सहज म्हणता येतं.

जुन्या संस्थांची नावंही शिकण्यासारखी आहेत. पुण्यात कॅप्टन शिवरामपंत दामल्यांनी १९२४ साली व्यायामासाठी काढलेल्या संस्थेचं नाव "महाराष्ट्रीय मंडळ". मंडळ म्हणजे जमलेली माणसं. बी. के. एस. अय्यंगारांची पुण्यातली योगसंस्था त्यांच्या पत्नीच्या, रमामणींच्या, नावानं आहे. खुर्ची, पट्टा, लाकडी ठोकळा यांच्या आधारानं आसनं करण्याची त्यांची पद्धत वय झालेल्या शरीरांना फार उपयोगी पडते, तरी संस्थेच्या नावात गुडघेदुखी नाही की उतारवय नाही. अशा नावाखाली कुणीही जाऊ शकतं.

आम्ही कृतीच्या वाटेनं गेलो. त्यासाठी मी चार दिवस हॉलच्या कोपऱ्यात बसून तासात काय काय घडतं ते फक्त क्रियापदांत लिहून काढलं. खुर्चीवरून हात न टेकता उठणं आणि बसणं. दांडा धरून टाचा उचलणं. भिंतीला हात लावून जोर काढणं. एका पायावर उभं राहून दहा आकडे मोजणं. एका पावलाची टाच दुसऱ्याच्या अंगठ्याला लावत सरळ रेषेत चालणं. मान वळवणं, खांदे मागे घेणं, पाठ सरळ करणं. ही यादी केल्याशिवाय नाव ठेवायला बसू नये. ती नसेल तर मन हमखास गोड शब्दांकडे धावतं, आणि गोड शब्द दुसऱ्या कुठल्याही पाटीवर चालतात.

चाळीस शब्दांतून एक

क्रियापदांवरून आणि त्यांच्या आसपास सुचतील ते चाळीसेक शब्द लिहिले. वय सांगणारे, आजार सांगणारे आणि सांत्वन करणारे शब्द तीन वेळा चाळून काढले. हातात चार राहिले : तोल, अंगण, तालीम, डौल.

"तोल" सगळ्यांना आवडला होता. तासातलं निम्मं काम तोलाचंच असतं. पण मराठीत तोल सांभाळण्याइतकाच तो जातोही, आणि या वयात सगळ्यांत मोठी भीती त्या जाण्याचीच. पाटीवर "तोल" वाचून एक आजोबा म्हणाले, "गेला की काय कुणाचा?" शब्द निवडताना त्याच्याबरोबर कोणकोणते वाक्प्रचार फिरतात ते सगळे लिहून काढावेत, ते असे. नाव एकटं येत नाही, आपलं गोत घेऊन येतं.

"अंगण" मला स्वतःला प्रिय होतं. मोकळं, घरचं, त्यात "अंग"ही आहे. पण लहान मुलांच्या अंगणवाडीनं तो शब्द आधीच घेतला आहे. म्हाताऱ्या माणसाला लहान मूल समजणं हा कमी लेखण्याचाच एक प्रकार, आणि हे नाव त्या वळणावर फार लवकर पोचत होतं.

"तालीम" हा भारदस्त शब्द. कुस्तीचा आखाडाही तालीम आणि नाटकाचा सरावही तालीम. पुण्यातल्या पेठांत वाढलेल्या पुरुषांचे डोळे चमकले. बायका गप्प राहिल्या. मग एकजण म्हणाल्या, "आमच्या लहानपणी तालमीच्या दारातही आम्हाला उभं करत नसत." वर्गातल्या आठांत पाच बायका होत्या. पुरुषमंडळींचाच वर्ग असता तर मी हाच शब्द घेतला असता.

राहिला "डौल". पाठ सरळ, मान वर, पाऊल ठाम असं जे चालणं, त्याला मराठीत डौल म्हणतात. घोड्यालाही डौल असतो, नऊवारी नेसलेल्या बाईलाही आणि शिडाच्या होडीलाही. तासाच्या शेवटी शरीरात जे यावं असं शिकवणारीला वाटतं, त्याचं हे नाव. त्यात वय नाही, रोग नाही, दिलासा नाही. एक काटा आहे : डौल मिरवणं म्हणजे तोरा मिरवणं असाही अर्थ होतो. पण आयुष्यभर स्वतःला मागे ठेवलेल्या बायकांना तो काटा टोचला नाही. उलट त्या हसल्या आणि ताठ बसल्या.

आता कसोट्या. पहिली विभक्तीची. मराठीत नाव कधीच मोकळं राहत नाही, त्याला ला, त, हून लागतात आणि मूळ रूप बदलतं. तालीमची तालमीला होते, बैठकची बैठकीला. "आधार सीनियर वेलनेस सेंटरमधून" हे वाक्य कुणीही पुरं म्हणत नाही. लोक "सेंटरला जाते" म्हणतात आणि पैसे देऊन बनवलेलं नाव तिथेच संपतं. म्हणून प्रत्येक शब्द तीन वाक्यांत घालून मोठ्यानं म्हणून पाहायचा : मी अमुकला जाऊन येते; अमुकमधल्या मैत्रिणी आल्या होत्या; अमुकमधून फोन होता.

दुसरी कसोटी फोनची. वाढत्या वयात ऐकू येणं कमी होतं ते बहुधा वरच्या पट्टीच्या आवाजांपासून. स, श, फ, थ हे ध्वनी आधी अंधुक होतात. "स्वास्थ्यस्पर्श" अशा नावाचं फोनवर काही उरत नाही. आम्ही दुसऱ्या खोलीतून आठही जणांना फोन लावला आणि ऐकलं ते लिहायला सांगितलं. "डौल"चं तिघांनी "ढोल" लिहिलं. ही खरी अडचण होती. उपाय असा निघाला, की फोन उचलताना "डौलदारमधला डौल" असं एकदा म्हणायचं. दुसऱ्या फेरीत आठही बरोबर आले. असा उपाय एका वाक्यात सापडत नसेल तर तो शब्द सोडून द्यावा.

तिसरी कसोटी डोळ्यांची. महाराष्ट्रात दुकानं आणि आस्थापनांची पाटी देवनागरी लिपीत मराठीत हवी आणि ती अक्षरं दुसऱ्या लिपीपेक्षा लहान नकोत. २०२२च्या दुरुस्तीनंतर दहापेक्षा कमी माणसं कामाला असलेल्या जागांनाही हे लागू झालं. म्हणजे इंग्रजी नाव ठेवलं तरी ते देवनागरीत लिहावं लागणार, आणि "सिल्व्हर स्ट्रेंग्थ" यातली जोडाक्षरं रस्त्यापलीकडून, मोतीबिंदूच्या डोळ्यांनी वाचायची आहेत. "डौल"मध्ये दोन अक्षरं आणि दोन मात्रा. पाटी फिक्या पिवळ्यावर गडद निळी केली. आतून दिवे लावलेली चकाकती पाटी टाळली, कारण मोतीबिंदूत प्रकाशाचा झोत डोळ्यांवर पसरतो आणि अक्षरं त्यात बुडतात.

चौथी कसोटी मालकीची. ट्रेडमार्क कार्यालयाच्या संकेतस्थळावर शब्द आणि वर्ग टाकून शोध घेता येतो. मराठी शब्द रोमन अक्षरांत daul, doul, dowl असा तिन्ही प्रकारे लिहिला जातो, म्हणून शोधही तिन्ही स्पेलिंगनी घ्यावा लागतो. एकच स्पेलिंग पाहून निर्धास्त होणं ही नेहमीची चूक. स्वतः व्यक्ती म्हणून किंवा लहान उद्योग म्हणून ऑनलाइन अर्ज केला तर एका वर्गाची फी ४,५०० रुपये पडते आणि नोंदणी दहा वर्षं टिकते. इथेही वर्णनाची नावं मागे पडतात. "ज्येष्ठ व्यायाम केंद्र" हे नाव सेवेचं नुसतं वर्णन आहे, आणि जे शब्द त्या धंद्यात सगळ्यांनाच लागतात त्यांवर एकट्याचा हक्क कायदा सहसा मान्य करत नाही.

वय आकड्यात, नावाखाली

एक प्रश्न उरतो आणि तो रास्त आहे. नावात वय नसेल तर ही जागा आपल्यासाठी आहे हे कळणार कसं? पासष्टीचे गृहस्थ पाटी पाहून म्हणतील, "तरुणांची जिम असेल, आपलं काम नाही." त्यांना वगळलं तर नाव कितीही चांगलं असून उपयोग नाही.

याचं उत्तर पाटीच्या दुसऱ्या ओळीत आहे. नावाखाली आम्ही साधं लिहिलं : "खुर्चीवर बसून आणि उभ्यानं करायचे व्यायाम. वय ६० आणि पुढे. तळमजला." वय सांगितलं, पण आकड्यात. आकड्याला मत नसतं. "सोनेरी वयातल्या तरुणांसाठी" असं लिहिलं की लिहिणाऱ्याचं मत आलं, आणि ते खोटं आहे हे वाचणाऱ्याला कळतं. आपल्या समाजाला वयाचा आकडा कधीच लाजिरवाणा वाटला नाही. पंचाहत्तरीला अमृतमहोत्सव करतो. सहस्रचंद्रदर्शन तर सरळ मोजणी आहे : एका पौर्णिमेपासून दुसरीपर्यंत साडेएकोणतीस दिवस, अशा हजार पौर्णिमा पाहायला जवळपास एक्याऐंशी वर्षं लागतात. माणूस आकडा अभिमानानं सांगतो, विशेषणाला बिचकतो.

"खुर्चीवर बसून आणि उभ्यानं" या शब्दांनी ज्याला जमिनीवर बसता येत नाही त्याची भीती गेली. "तळमजला" या एका शब्दानं जिन्याची गेली. "आम्ही तुमची काळजी घेतो" असं लिहावं लागलं नाही; तीन माहितीच्या तुकड्यांनी ते सांगून झालं. "सौम्य" हा शब्द मात्र मी काढायला लावला. तो शिकवणारीच्या वहीत ठीक आहे. पाटीवर तो वाचला की वाटतं, आपल्याला कुणीतरी नाजूक ठरवलं. व्यायाम किती हलका आहे ते पहिल्या तासात शरीराला कळतंच.

आणि जे पाटीवर सांभाळलं ते आत सांडू नये. नाव "डौल" आणि शिकवणारी म्हणतेय "चला आजी, शाब्बास, अजून एकदा", तर नावाचं काम पहिल्याच मिनिटाला संपलं. पहिल्या दिवशी प्रत्येकाला "तुम्हाला काय म्हणू?" असं विचारायचं ठरलं. कुणी काकू सांगितलं, कुणी आडनावानं मॅडम, कुणी सर. एक्याऐंशी वर्षांच्या बाईंनी नुसतं पहिलं नाव सांगितलं. त्या नावानं हाक मारणारं आता घरी कुणी राहिलं नव्हतं.

पाटी लागली त्या आठवड्यात बँकेतल्या बाईंचा मुलगा परदेशातून फोनवर विचारत होता, "आई, तू त्या सेंटरला जातेस ना रोज?" त्या शेजारीच उभ्या होत्या, म्हणून त्यांचं उत्तर मला ऐकू आलं. "सेंटर नाही रे. मी डौलात जाते." मराठीत या वाक्याचे दोन अर्थ होतात, आणि त्यांना दोन्ही म्हणायचे होते.